इलास्टिक घट्ट केलं तरी कंबर पोत्यासारखी का दिसते: चुन्या, नेफा आणि नाडीचा हिशेब

प्रश्न: मी घरीच कॉटनचे घेरदार स्कर्ट आणि पलाझो शिवते. वर नेफा दुमडून इलास्टिक घालते. माझी कंबर ३२, हिप ४२. शिवल्याबरोबर बरं वाटतं, पण तासाभरात स्कर्ट पुढून पोटाखाली उतरतो, इलास्टिक आत पिळतं आणि कमरेवर चुन्यांचा गोळा दिसतो. इलास्टिक आणखी लहान केलं तर पोटावर वळ उठतात, तरी स्कर्ट सरकतोच. नाडी घालून पाहिली, तर पुढे गाठीपाशी सगळं कापड जमा होतं. पलाझो बसल्यावर मागून खाली येतो. रेडिमेडसारखी नीट धरलेली कंबर कशी आणायची?

उत्तर:

ताई, इलास्टिक लहान करणं आता थांबवा. तुमचं दुखणं त्याच्या लांबीत नाही, त्याच्यावर तुम्ही किती कापड लादलंय त्यात आहे.

४४ इंची पन्ह्याचे दोन तुकडे जोडून घेर काढला असेल, असं धरते. घरी बहुतेक जणी तसंच करतात. शिलाया जाऊन वर ८६ इंच कापड राहतं. तेच कापड दुमडून नेफा केला आणि आत ३० इंचाचं इलास्टिक घातलं. म्हणजे दर एक इंच इलास्टिकवर जवळजवळ तीन इंच कापड, तेही नेफ्याचं म्हणून दुहेरी. एवढं कापड आत एकमेकांवर चढतं आणि इलास्टिकला मिटायला जागाच उरत नाही. म्हणून नव्या स्कर्टची कंबर टेबलावर मोजली तर ३० ऐवजी ३३-३४ भरते. म्हणजे इलास्टिक तुमची कंबर धरत नाही, कापड दाबण्यातच त्याची ताकद संपते. तुम्ही ते २८ केलंत तर ते आणखी ताणून राहतं आणि महिन्याभरात मरतं. वळ उठतात तेही यामुळेच. अंगाला लागतो तो कापडाचा गच्च गोळा, सपाट पट्टी नव्हे.

घरी करून बघण्यासारखी एक परीक्षा आहे. तुमच्या स्कर्टची कंबर न ताणता टेबलावर पसरा आणि मोजा. आत घातलेल्या इलास्टिकपेक्षा ती दीड इंचाहून जास्त भरली, तर कापड जास्त झालंय. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती स्कर्टांत दहातले सात-आठ असेच निघतात.

रेडिमेड चांगल्या स्कर्टाचा पट्टा उसवून बघितलात तर दिसेल की चुन्या इलास्टिकने पाडलेल्याच नसतात. घेराच्या चुन्या आधी धाग्यावर ओढून एका वेगळ्या पट्ट्याला कायमच्या शिवलेल्या असतात, आणि इलास्टिक असतं त्या पट्ट्यात. पट्टा हिपवरून जाईल एवढाच लांब, त्याहून जास्त नाही. इलास्टिकला फक्त हिप आणि कंबर यांतला फरक मिटवायचा असतो. तुमचा फरक १० इंचांचा आहे. घेराचं ओझं चुन्यांच्या शिलाईवर पडतं. ही दोन कामं वेगळी केलीत की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आता तुमच्याच मापाचा स्कर्ट धरून सांगते. लांबी ३८ धरू.

घेर खाली हवा, वर नको. ४४ चा अख्खा पन्हा कमरेपर्यंत नेऊ नका. पुढचा आणि मागचा तुकडा वर ३३ इंच, खाली ४४ इंच असा उतरता कापा, म्हणजे दोन्ही बाजूंनी साडेपाच-साडेपाच इंच तिरकस. शिलाई जाऊन वर ३२ आणि ३२, एकूण ६४ इंच राहतात. कंबर ३२ असल्याने अंगावर बरोबर दुप्पट. मध्यम जाडीच्या कॉटनला मी दुपटीच्या वर कधी जात नाही. मलमल किंवा जॉर्जेट असेल तर अडीचपट, तीनपटही चालतं; खादी किंवा जाड इकत असेल तर दीडपटीवर थांबावं. तिरकस कापल्यावर कडेची रेषा मधल्यापेक्षा तीन सूत लांब होते (आठ सूत म्हणजे एक इंच), तेवढं खालच्या टोकाला वर घेऊन गोलाई द्या. नाहीतर दोन्ही बाजूंना टोकं लोंबतील आणि तुम्हाला वाटेल की कंबरच वाकडी बसली. आणि उभा धागा वरून खाली जाऊ द्या. आडव्या धाग्यावर चुन्या घातल्या की त्या खाली पडत नाहीत, बाहेर फुगतात, आणि दोन इंचांनी कंबर जाड दिसते.

पट्टा ४३ इंचांचा, म्हणजे हिपपेक्षा एक इंच जास्त. शिलाईसाठी एक इंच धरून ४४ लांब कापायचा. रुंदीचा हिशेब इलास्टिकवरून. या स्कर्टाला मी सव्वा इंची इलास्टिक घेईन. नेफा आतून इलास्टिकपेक्षा एकच सूत मोठा हवा, त्याहून नाही. सव्वा अधिक एक सूत, त्याची दुप्पट, आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिलाई, म्हणजे पावणेचार इंच. तुमचं इलास्टिक आत पिळतं ते बहुधा याच ठिकाणी. इंची इलास्टिकला दीड इंचाचा नेफा ठेवतो आपण, ‘सहज सरकेल’ म्हणून. सरकतं खरं, पण मग बसता-उठताना उलटतंही. दुमडीच्या वरच्या कडेला शोभेची टीप मारायची हौस असेल, तर ती जेवढी आत येईल तेवढी पट्ट्याची रुंदी आधीच वाढवा. मी तर ती टीप टाळतेच.

पट्ट्याचा पुढचा मधला १२ इंचांचा भाग सपाट ठेवायचा, त्यात इलास्टिक नाही. याच १२ इंचांमुळे कंबर रेडिमेडसारखी दिसते, कारण समोरून बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. या भागाला आतून मऊ चिकट बक्रम लावा, पट्ट्याच्या फक्त बाहेरच्या थराला. शर्टाच्या कॉलरचं कडक बक्रम नको, बसल्यावर ते मधोमध मोडतं आणि मोड कायमची राहते.

उरलेल्या ३१ इंच पट्ट्यात इलास्टिक. अंगावर त्याला २० इंच भरायचे आहेत (३२ वजा १२), म्हणून ते १८ ठेवायचं. दोन्ही टोकांना शिवायला अर्धा-अर्धा इंच मिळून १९ कापा. स्कर्ट हिपवरून चढवताना हे १८ इंच ३१ पर्यंत ताणावे लागतील, म्हणजे पावणेदोन पटीला थोडं कमी. चांगलं विणीचं इलास्टिक दुपटीपर्यंत आरामात ताणतं, त्यामुळे इथे अडचण नाही. पण समजा तुम्ही सपाट भाग एका कडेच्या शिलाईपासून दुसऱ्या कडेपर्यंत, १६ इंच, ठेवायचं म्हटलंत. मग इलास्टिक १४ आणि पट्टा २७. ते जवळजवळ दुप्पट ताणावं लागेल आणि रोज घालता-काढताना टोकाच्या शिलाया तुटतील. कुणाचा हिप आणि कमरेतला फरक १३-१४ इंचांचा असेल तर १२ इंचांचा सपाट भागही परवडत नाही. तिथे सरळ बाजूला चेन लावावी आणि इलास्टिक फक्त पाठीमागे सहा-सात इंचांत ठेवावं. सगळ्या कंबरा इलास्टिकवर निभत नाहीत.

चुन्या वाटताना घेर सगळीकडे सारखा पसरू नका. पुढच्या १२ इंच सपाट पट्ट्याखाली १६ इंच कापड द्या, हलक्या चुन्या. त्याच्या दोन्ही बाजूंना, कडेच्या शिलाईपर्यंत, पट्टा पावणेपाच-पावणेपाच इंच उरतो. तिथे आठ-आठ इंच कापड. मागच्या साडेएकवीस इंचांत ३२. पोटावर कापड कमी, कडेला आणि मागे जास्त. पट्ट्यावर आणि घेरावर या खुणा खडूने आधीच करून टाचण्या लावा, अंदाजाने ओढत गेलात तर शेवटच्या चार इंचांत गर्दी होणारच.

चुन्या ओढण्याची एक रीत सांगते, कारण इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं. मशीनचा टाका सर्वांत मोठा करा, वरचा दोरा थोडा ढिला करा, आणि कडेपासून दोन सूत व पाच सूत अंतरावर अशा दोन समांतर टिपा मारा. दोन्ही टिपांचे बॉबिनचे दोरे एकत्र धरून ओढायचे. एकाच टिपेवर ओढलेल्या चुन्या वळतात, तिरप्या होतात. दोन टिपांवर त्या उभ्या राहतात. पक्की शिलाई अर्ध्या इंचावर, दोन टिपांच्या मधून गेली पाहिजे. शिवताना घेर वरच्या बाजूला आणि पट्टा खाली ठेवा, म्हणजे प्रत्येक चुणी दाबपायाखाली जाताना दिसते. ती सुईपाशी आडवी पडतेय असं वाटलं की थांबून टाचणीच्या टोकाने उभी करायची. नंतर पाच सुतावरची टीप काढून टाका. आणि शिलाईची मार्जिन इस्त्री करून वर, पट्ट्याच्या आत वळवा. ती खाली घेराकडे वळलेली राहिली तर पट्ट्याखाली लगेच फुगा येतो. चुन्यांवर मात्र इस्त्री सपाट फिरवू नका, नुसतं टोक आत सरकवा.

आता इलास्टिक घालणं. पट्टा दुमडून आतली कड बंद करताना डाव्या खुणेपाशी (सपाट भाग संपतो तिथे) दोन इंच उघडं ठेवा. सेफ्टी पिनेने इलास्टिक तिथून मागे फिरवून उजव्या खुणेपर्यंत न्या. उजव्या खुणेवर सगळ्या थरांतून उभी टीप, पुढे-मागे तीनदा. मग इलास्टिक पिळलं नाही ना ते बोटांनी चाचपत परत या आणि डाव्या टोकाला तशीच टीप घाला. तिसरी गोष्ट लोक विसरतात: पट्टा दोन-चारदा पूर्ण ताणून चुन्या सारख्या वाटल्या गेल्या की दोन्ही कडेच्या शिलाईवर आणि मागे मधोमध, बरोबर शिलाईच्या खाचेत, पट्ट्यावर उभी टीप मारा. आता इलास्टिक तीन जागी अडकलं. ते उलटणार नाही आणि चुन्या धुतल्यावर एका बाजूला जमणार नाहीत. इलास्टिकच्या लांबीवरून मात्र टिपा नकोत. सुई रबराचे धागे तोडत जाते आणि इलास्टिक दर टिपेला वाढत जातं. रेडिमेडमध्ये चार ओळी दिसतात त्या कारखान्याच्या वेगळ्या मशीनवर सगळं इलास्टिक एकसारखं ताणून मारलेल्या असतात. घरच्या मशीनवर ती नक्कल करायची असेल तर एका रुंद नेफ्याऐवजी तीन अरुंद नेफे करून प्रत्येकात पाव इंची इलास्टिक घालणं बरं.

इलास्टिक विकत घेताना दोन गोष्टी बघा. ताणल्यावर जे अरुंद होतं ते गुंफलेलं. ते लहान मुलींच्या फ्रॉकच्या बाह्यांना ठीक, कमरेला नको. रुंदी तेवढीच राहते ते विणलेलं, ते घ्या. त्यातही आडव्या कडक रेघा असलेलं मिळतं, ते दुमडत नाही. पोट पुढे असणाऱ्यांना मी तेच घालते, कारण बसल्यावर वरची कड उलटते ती मऊ इलास्टिकचीच. दुसरं, दुकानातच १० इंच मोजून २० पर्यंत ताणा, दहापर्यंत आकडे मोजा, सोडा आणि परत मोजा. १० किंवा दोन सूत जास्त आलं तर घ्या. पाऊण इंच वाढलं तर परत द्या. एकदा लग्नसराईत मी घाईघाईत अख्खं रोल न तपासता उचललं होतं. पुढच्या दोन महिन्यांत चौदा स्कर्ट परत आले. इलास्टिकचा खर्च किरकोळ होता, पण उसवायला लागलेले दिवस अजून आठवतात.

कापड कापण्याआधी धुऊन घ्या हे तुम्हाला माहीत असेलच. पट्ट्याचं कापडही त्याच पाण्यात घाला, नाहीतर घेर आटतो आणि पट्टा नाही, किंवा उलटं, आणि चुन्यांखाली ओढ पडते.

पुढून उतरण्याचं एक कारण वेगळं आहे, आणि ते इलास्टिक कितीही चांगलं असलं तरी राहतं. इलास्टिक नेहमी जवळच्या सर्वांत अरुंद जागेकडे सरकतं. पोट थोडं पुढे असेल तर पुढची अरुंद जागा पोटाच्या खाली असते आणि पाठीची वर. त्यामुळे पट्टा पुढे खाली, मागे वर असा तिरका बसतो. आपण मात्र घेर वरून सरळ रेषेत कापलेला. मग पुढची खालची कड जमिनीकडे जाते, मागची वर उचलली जाते, आणि दिसायला वाटतं की स्कर्ट पडतोय. काही जणींचं उलटं असतं: पट्टा पोटावर टिकतो, पोट कापड खातं आणि पुढची कडच वर उचलते. त्यामुळे पाठ केलेलं माप इथे कामाचं नाही. पट्टा लावायच्या आधी चुन्या ओढलेला नुसता घेर अंगावर चढवा आणि वरून कमरेवर इलास्टिकचा तुकडा बांधा. चाला, खुर्चीत बसा, उठा. इलास्टिक जिथे स्थिरावेल ती तुमची कंबर. आता घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून खालची कड सगळीकडे सारखी येईपर्यंत कापड त्या इलास्टिकखाली वर-खाली ओढायला सांगा, आणि इलास्टिकच्या खालच्या कडेला खडूने रेघ मारून घ्या. काढल्यावर दिसेल की रेघ सरळ नाही. कुणाची मागे अर्धा इंच खाली उतरते, कुणाची पुढे पाऊण इंच. त्या रेघेवर पट्टा लावायचा. खाली हातशिलाई करून लांबी सारखी करण्यापेक्षा हे वर करणं कधीही चांगलं, कारण खाली कापलं तर घेराच्या रेषा तिरप्याच राहतात.

वजनाचंही बघा. असा स्कर्ट अस्तरासकट साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतो. त्याच्या एका खिशात मोबाइल टाकला की एकाच बाजूला दोनशे ग्रॅम वाढले. खिसा कडेच्या शिलाईत नुसता लोंबता ठेवू नका, त्याची वरची कड पट्ट्याच्या शिलाईत पकडा. म्हणजे मोबाइल पट्ट्याला लटकतो, कापडाला ओढत नाही. अस्तराला मात्र चुन्या नकोतच. त्याचा घेर पट्ट्याएवढा, ४३, ठेवून थेट जोडा आणि चालायला मिळावं म्हणून खाली दोन्ही बाजूंना फट ठेवा.

नाडी घालायचीच असेल तर तिचं काम आधी ठरवा. परकरात किंवा सलवारीत सगळा घेर नाडीवरच असतो, तिथे नाडी ओढून कापड गोळा होणं स्वाभाविक आहे. वर साडी किंवा कुर्ता असल्याने ते दिसत नाही, एवढंच. दिसणाऱ्या कमरेवर नाडीने चुन्या पाडायच्या नाहीत. तिने फक्त इंच-दोन इंच कमी-जास्त करायचं. त्यासाठी अख्खी नाडी नेफ्यात फिरवू नका. सपाट कॉटनच्या टेपचे २०-२० इंचांचे दोन तुकडे घ्या आणि इलास्टिकच्या दोन टोकांना पाऊण-पाऊण इंच चढवून चौकोनी टिपेने शिवा. पुढे मधोमध, दोन इंच अंतरावर, दोन उभी काजं; ती पट्टा दुमडण्याआधी, बक्रम लावलेल्या भागावर करायची, नाहीतर काजं फाटतात. टेप त्यांतून बाहेर. या प्रकारात खुणांवरच्या दोन उभ्या टिपा मारायच्या नाहीत. कडेच्या शिलाईवरच्या आणि मागच्या टिपा ठेवा. नाडी ओढली की इलास्टिकची टोकं पुढे येतात, बक्रममुळे पुढचा भाग चुरगळत नाही, आणि ताण बाजूंना जातो. तुमच्याकडे गोळा झाला त्याचं कारण हेच, की पुढचा भाग मऊ होता आणि नाडी अख्खी. सॅटिनची गोल नाडी घेऊ नका, गाठ बसत नाही. बसावी म्हणून मग आपण ती करकचून ओढतो.

करकचून बांधण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. दोन सूत जाड नाडी आणि दीड इंची पट्टा सारख्याच जोराने ओढला, तर नाडीखालच्या कातडीवर दाब सहापट पडतो. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. वर्षानुवर्षं परकराची नाडी एकाच जागी घट्ट बांधल्याने झालेली जखम भरलीच नाही आणि तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. असं क्वचितच होतं, पण कमरेवर काळा पट्टा आणि खाज असलेल्या बायका माझ्या दुकानात दर आठवड्याला येतात. त्यांना मी परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा आणि दोन-तीन हुकांच्या जागा करून देते. न भरणारी जखम असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवते.

पलाझोचं गणित वेगळं. तो मागून उतरतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा इलास्टिक निर्दोष असतं आणि मागचं आसन तोकडं असतं. आपण पायजम्यासारखे चारही तुकडे एकाच उंचीचे कापतो. उभं असताना चालून जातं. बसल्यावर मागचा भाग पसरतो, त्याला कापड लागतं, आणि ते मिळण्याची एकच जागा असते, वरचा पट्टा. तो खाली ओढला जातो. मागचा तुकडा मधल्या शिलाईपाशी पुढच्यापेक्षा सव्वा ते दीड इंच उंच ठेवा आणि कडेच्या शिलाईपर्यंत उतरता आणून पुढच्याला मिळवा. किती हवं ते असं कळतं: जुना पलाझो घालून खुर्चीत ताठ बसा आणि मागे पट्टा कमरेपासून किती खाली गेला ते दुसऱ्याकडून मोजून घ्या. तेवढंच पुढच्या वेळी वाढवा. मागे आसनापासून कमरेकडे जाणाऱ्या तिरप्या ओढीच्या रेषा दिसत असतील तर तेच निदान पक्कं. आणि पुढे पोटाखाली आडवी घडी पडत असेल तर पुढचं आसन जास्त आहे, तिथून अर्धा इंच कमी करा.

पलाझोला नेफा त्याच कापडाचा दुमडणार असाल तर आणखी एक फसवणूक आहे. कडेची रेषा कमरेकडे आत घेतलेली असते. ती तशीच वर नेली आणि दुमडली की दुमडलेली कड बाहेरच्या कापडापेक्षा लहान पडते आणि नेफा ओढून चुरगळतो. दुमडीच्या रेषेपासून वर कड आरशातल्यासारखी उलटी बाहेर न्या. आणि पलाझोलाही वरचा घेर हिपपेक्षा एक-दोन इंचच जास्त. चुन्या खालच्या घेरासाठी नाहीत, चढवण्यासाठी आहेत. पाय रुंद हवे असतील तर ते मांडीखालून रुंद करा.

तुमच्याकडे शिवून तयार असलेले स्कर्ट टाकून देऊ नका. नेफ्याच्या खालच्या टिपेला लागून तो कापून टाका, साधारण दीड इंच लांबी जाईल. नवा पट्टा एक इंच तीन सुतांचा, म्हणजे तेवढीच भर घालतो. फक्त पट्टा जोडायला अर्धा इंच कापड आत जाईल. वरचे ८६ इंच ६४ वर आणायला दोन्ही कडेच्या शिलाया उसवून तुकडे तिरकस कापा. तेवढं नको असेल तर दोन्ही बाजूंना ११-११ इंच कापड कडेच्या शिलाईजवळ उभ्या प्लेटा घालून सहा इंच खालपर्यंत शिवून टाका. कापड जाड असेल तर प्लेटा आतून कापून उघड्या करा. पट्ट्यासाठी त्याच कापडाची पट्टी उरली नसेल तर जवळच्या गडद रंगाचं पॉपलीन चालेल. मात्र जुन्या स्कर्टातलं इलास्टिक परत वापरू नका, ते कितीही ठणठणीत दिसलं तरी.